एक गट खाली म्हणजे किती किलो?

दवाखान्यातून तपासणी करून आलेल्या माणसाच्या हातात हल्ली जो कागद असतो, त्यावर साखर आणि रक्तदाब यांच्या जोडीला बीएमआय नावाचा एक आकडा लिहिलेला असतो. साखर आणि रक्तदाब आता घरोघरी कळतात. बीएमआय मात्र बहुतेकजण तसाच घडी घालून कपाटात ठेवतात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांच्या कागदावर तो २९.४ होता. साखर सीमेवर आली होती, अजून मधुमेह म्हणावा इतकी नव्हती, आणि खाली शेरा होता : ‘वजन एक गट खाली आणावे.’ मी शाळेत गणित शिकवते म्हणून त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

“बेटा, हे गट-बिट मला कळत नाही. मला किलोत सांग. किती किलो?”

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सहावी-सातवीच्या गणितात बसते. पण उत्तर काढून झाले की एक गमतीची आणि थोडी काळजीची गोष्टही समोर येते. म्हणून तो हिशेब इथे सावकाश मांडते.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. वर्ग म्हणजे त्या संख्येला त्याच संख्येने गुणणे. आमच्या उर्दू माध्यमात वर्गाला ‘मुरब्बा’ म्हणतात आणि दरवर्षी कोणीतरी पोरगी विचारतेच, “टीचर, आवळ्याचा का?” (लिहिताना दोन्ही शब्द वेगळे आहेत, गणितातल्या मुरब्ब्याच्या शेवटी ऐन येतो. पण कानाला एकच.) उंचीचा वर्ग का घ्यायचा, तर बेल्जियमच्या आदोल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाला १८३० च्या दशकात असे आढळले की मोठ्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या भागाकाराला बीएमआय हे नाव पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अन्सेल कीज यांनी दिले. केतले डॉक्टर नव्हते. एका माणसाचा लठ्ठपणा ठरवण्यासाठी नाही, तर हजारो माणसांचा ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी ते मापे गोळा करत होते. हे लक्षात ठेवलेले बरे.

खालांची उंची भिंतीला टेकवून मोजली, १५२ सेंटीमीटर भरली. म्हणजे १.५२ मीटर. १.५२ गुणिले १.५२ केले की २.३१ येतात. वजन ६८ किलो. ६८ भागिले २.३१, उत्तर २९.४. कागदावरचा आकडा जुळला.

आता गट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण यादीत १८.५ पासून २५ च्या आतपर्यंत योग्य वजन, २५ ते ३० च्या आत जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. लठ्ठपणाचेही पुढे ३५ आणि ४० वर पोटभाग पडतात. खाला २९.४ वर म्हणजे ‘जास्त वजन’ या गटात. त्यांच्या खालची भिंत २५ ची.

बहुतेक लोक इथे चुकीच्या बाजूने सुरुवात करतात. २९.४ मधून २५ वजा करतात, ४.४ येतात आणि म्हणतात साडेचार किलो. तसे नाही. ते ४.४ किलो नव्हेत, ते बीएमआयचे अंक आहेत. एक अंक म्हणजे किती किलो हे ज्याच्या-त्याच्या उंचीवर ठरते, आणि ते काढायला वेगळे काही करावे लागत नाही. उंचीचा वर्ग हेच त्याचे उत्तर. खालांसाठी एक अंक म्हणजे २.३१ किलो.

सोपा मार्ग उलट्या बाजूने जातो. ज्या भिंतीच्या खाली उतरायचे तो आकडा घ्या आणि त्याला उंचीच्या वर्गाने गुणा. २५ गुणिले २.३१ म्हणजे ५७.७५. हे खालांच्या भिंतीचे वजन. ६८ मधून ५७.७५ गेले, उरले १०.२५. पण बरोबर २५ हा आकडा वरच्या गटात धरतात, म्हणून भिंतीच्या किंचित खाली जायला हवे. म्हणजे १०.३ किलो.

खालांनी माझ्याकडे असे पाहिले जणू मीच ते दहा किलो त्यांच्या डोक्यावर ठेवले.

त्यांच्या शौहरांचे वजन ८० किलो, उंची १७० सेंटीमीटर. तेही तिथेच बसले होते, आणि आपण दोघांनी पाच-पाच किलो कमी करू, बरोबरी होईल, असे त्यांचे म्हणणे. १.७० चा वर्ग २.८९. म्हणजे त्यांच्या अंगावर एक अंक उतरवायला जवळजवळ तीन किलो लागतात. पाच किलो उतरले तर खालांचे दोन अंकांपेक्षा थोडे जास्त कमी होतील आणि चाचांचे पावणेदोनच. चाचांची २५ ची भिंत ७२.२५ किलोवर आहे, म्हणून त्यांना गट उतरायला ७.८ किलो हवेत. नवरा-बायकोने एकाच किलोची पैज लावली तर ती बरोबरीची होत नाही. उंच माणसाला एक अंक महाग पडतो आणि बुटक्याला स्वस्त.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी काही उंचींचे आकडे देते. मधली उंची असेल तर मधला आकडा स्वतः काढा, कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच.

| उंची (सेंमी) | एक अंक म्हणजे (किलो) | २३ ची भिंत (किलो) | २५ ची भिंत (किलो) | ३० ची भिंत (किलो) |
|---|---|---|---|---|
| १४५ | २.१० | ४८.४ | ५२.६ | ६३.१ |
| १५० | २.२५ | ५१.८ | ५६.३ | ६७.५ |
| १५५ | २.४० | ५५.३ | ६०.१ | ७२.१ |
| १६० | २.५६ | ५८.९ | ६४.० | ७६.८ |
| १६५ | २.७२ | ६२.६ | ६८.१ | ८१.७ |
| १७० | २.८९ | ६६.५ | ७२.३ | ८६.७ |
| १७५ | ३.०६ | ७०.४ | ७६.६ | ९१.९ |

आपले वजन ज्या भिंतीच्या वर आहे, त्या भिंतीचा आकडा वजनातून वजा करायचा. बस, इतकेच.

यात २३ ची भिंत कुठून आली? आपल्या लोकांच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, तेवढ्याच बीएमआयला युरोपीय माणसापेक्षा चरबी जास्त आढळते आणि मधुमेहही कमी वजनावर गाठतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सहमतीने वेगळी यादी मांडली. तिच्यात २३ च्या आत योग्य वजन, २३ ते २५ च्या आत जास्त वजन, आणि २५ पासूनच लठ्ठपणा. या यादीने खाला ‘जास्त वजन’वाल्या नाहीत, ‘लठ्ठ’ आहेत. खालची भिंत मात्र तीच, २५ ची, किलो तेच १०.३. फरक इतकाच की एका यादीने त्या दहा किलोंनंतर योग्य वजनात पोहोचतात आणि दुसऱ्या यादीने फक्त ‘जास्त वजन’ या पायरीवर. भारतीय यादीने योग्य वजन गाठायला त्यांना ५३.१ किलोपर्यंत, म्हणजे १५ किलो उतरावे लागेल. त्यामुळे ‘एक गट’ असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न हा विचारावा, कोणत्या यादीतला? दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता बहुधा एक असतो, आणि मोबाइलमधले अ‍ॅप दुसरेच काही लावत असते.

आता ती गमतीची आणि काळजीची गोष्ट.

खालांच्याच उंचीच्या, १५२ सेंटीमीटरच्या, एका दुसऱ्या बाई मनात आणा. त्यांचे वजन ७० किलो, खालांपेक्षा दोन किलो जास्त. त्यांचा बीएमआय ३०.३, पहिल्या यादीने लठ्ठ. त्यांची खालची भिंत ३० ची, म्हणजे ६९.३ किलो. गट उतरायला त्यांना किती किलो लागतील? पाऊण किलोपेक्षा जरासे कमी, बस. जास्त जड बाईला पाऊण किलो आणि कमी जड बाईला दहा किलो! दोघींना डॉक्टरांनी एकच वाक्य लिहून दिले, ‘एक गट खाली’. एकीचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत होईल, दुसरीचे पाच-सहा महिने चालेल, आणि मध्येच ती कंटाळून सोडून देईल.

हे गणिताचे दुखणे नाही, भिंतींचे आहे. वजन उतारासारखे हळूहळू उतरते. भिंती मात्र आपण मध्ये उभ्या केल्या, मोजणीच्या सोयीसाठी. लोकसंख्येचा अभ्यास करताना किती माणसे कोणत्या गटात हे सांगायला त्या ठीक आहेत. पण शरीराला भिंत दिसत नाही. ६९.४ किलोची बाई ६९.२ वर आली म्हणून तिच्या रक्तातल्या साखरेला काही वेगळे कळत नाही. आणि ६८ वरून ६३ वर आलेली बाई कागदावर ‘जागची हलली नाही’ असे दिसते, तिच्या शरीरात मात्र बरेच काही हललेले असते.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत साखर सीमेवर असलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या नावाने, आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाला लक्ष्य दिले होते ते बीएमआयचा गट उतरण्याचे नव्हते, वजनाच्या सात टक्के कमी करण्याचे होते. सोबत आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम. साधारण तीन वर्षांत या लोकांमध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण, ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला आणि बिनऔषधी गोळी दिली त्यांच्यापेक्षा, ५८ टक्क्यांनी कमी राहिले.

खालांच्या ६८ किलोंचे सात टक्के काढा. ४.८ किलो. वजन येईल ६३.२ किलो, बीएमआय २७.४. पहिली यादी म्हणेल, अजून जास्त वजन. भारतीय यादी म्हणेल, अजून लठ्ठ. दोन्ही याद्यांत गट तोच! पण ज्या कामासाठी त्यांना वजन कमी करायला सांगितले, म्हणजे साखर सीमेच्या पलीकडे जाऊ नये यासाठी, ते काम या पावणेपाच किलोंत सुरू झालेले असते.

आपल्याकडचा दाखला तर आणखी विचार करायला लावतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने असाच अभ्यास भारतीय माणसांवर केला आणि तो २००६ साली छापून आला. त्यात खाणेपिणे आणि चालणे सुधारलेल्या लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि त्यांचे सरासरी वजन फारसे बदललेच नव्हते. म्हणजे काटा हलला नाही तरी चालणे वाया जात नाही.

मी हा हिशेब कागदावर दोन ओळींत लिहून दिला. पहिली ओळ, भिंत : ५७.७ किलो, कमी करायचे १०.३. दुसरी ओळ, सात टक्के : ६३.२ किलो, कमी करायचे ४.८. पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा आणि पहिला मुक्काम कोणता ते विचारा, असे सांगितले. डॉक्टरांनी दुसऱ्या ओळीवर खूण केली आणि त्याचे कारणही सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ च्या जोडीला २७.५ ही आणखी एक रेघ सुचवली आहे, तिच्या वर धोका जास्त धरतात. खालांसाठी ती रेघ ६३.५ किलोवर येते. सात टक्क्यांचा मुक्काम तिच्या जरा खालीच पडतो. वेगाबद्दल म्हणाल तर आठवड्याला अर्धा किलो ही चाल बहुतेकांना झेपते. त्या चालीने पावणेपाच किलोंना अडीच महिने, दहा किलोंना पाच महिने. इथे एक इशारा द्यायलाच हवा. ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी वजन उतरू लागले की डॉक्टरांना दाखवत राहावे. वजन घटले की तोच डोस जड होऊ शकतो, आणि साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते.

हिशेब बरोबर असूनही उत्तर चुकते ते मापामुळे, आणि त्यातही उंचीच्या मापामुळे. वजन जपून करतात, उंची मात्र तोंडी सांगतात. खालांनीही मला आधी “पाच फूट दोन” अशीच सांगितली होती. ही त्यांच्या निकाहाच्या वेळची उंची, आणि स्थळासाठी सांगितलेली उंची किती खरी असते हे आपल्याला ठाऊक आहेच. पाच फूट दोन इंच म्हणजे १५७.५ सेंटीमीटर, वर्ग २.४८, २५ ची भिंत ६२ किलोवर. म्हणजे कमी करायचे फक्त सहा किलो. खरी उंची मोजली तर दहा! साडेपाच सेंटीमीटरच्या फरकाने सव्वाचार किलो इकडचे तिकडे झाले. कारण उंचीचा वर्ग होतो, तिथली लहान चूक दुप्पट होऊन बाहेर पडते. वय झाले की उंची खरोखरही थोडी घटते, मणके दबतात. पूर्वी नीट मोजलेली उंची तीन-चार सेंटीमीटरहून जास्त उतरलेली दिसली तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, हाडे ठिसूळ होत असल्याची ती खूण असू शकते.

उंची मोजायची ती अनवाणी, फरशीवर, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. केसांचा अंबाडा सोडावा, नाहीतर तो दोन सेंटीमीटर फुकट देतो. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवून पेन्सिलची खूण करावी आणि पोलादी टेपने मोजावे. शिवणकामाची टेप वापरून-वापरून ताणलेली असते.

फूट-इंचांचा आणखी एक घोटाळा मी वर्गातही पाहते. ५ फूट १० इंच हे ५.१० असे लिहितात आणि मोबाइलमध्ये तसेच घालतात. फुटात १२ इंच असतात, १० नव्हेत. ५.१० फूट म्हणजे १५५ सेंटीमीटर आणि ५ फूट १० इंच म्हणजे जवळजवळ १७८ सेंटीमीटर. धडधाकट तरुण मुलगा अ‍ॅपमध्ये एकदम लठ्ठ निघतो आणि घरात सगळे घाबरतात. आधी सगळ्याचे इंच करा, २.५४ ने गुणा, सेंटीमीटर मिळतील.

वजनाचे म्हणाल तर काटा सतरंजीवर ठेवू नये, फरशीवर ठेवावा. सकाळी, काही खाण्यापिण्यापूर्वी, रोज साधारण त्याच कपड्यांत. बुरखा, पर्स, जोडे उतरवून. एवढे करूनही पाणी आणि मीठ यांमुळे एकाच माणसाचे वजन दिवसादिवसाला किलोभर वर-खाली होते. खालांसाठी एक किलो म्हणजे जवळजवळ अर्धा अंक. त्यामुळे कोणी भिंतीच्या अगदी जवळ असेल तर सोमवारी एका गटात आणि गुरुवारी दुसऱ्या गटात दिसेल. एका दिवसाचा आकडा धरू नका, आठवड्याची सरासरी धरा. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात काट्यावर जे दोन किलो कमी दिसतात त्यांचेही असेच. त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि ईदनंतर काही आठवड्यांत ते बहुधा परत येतात. खरा आकडा पाहायचा तर शीरखुर्म्याचे दिवस सरल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

बीएमआयला चरबी दिसत नाही, फक्त वजन दिसते. हमाली करणाऱ्या किंवा आखाड्यात जाणाऱ्या माणसाचा आकडा स्नायूंमुळे वाढतो, आणि घरात बसून असलेल्या सडपातळ माणसाचा पोट सुटलेले असूनही योग्य येतो. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. आपल्याकडे पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर बीएमआय काहीही म्हणो, धोका धरतात. कंबर म्हणजे सलवारीचा नाडा बांधतो ती जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजायची. गरोदर बायकांनी हा हिशेब करूच नये.

आणि मुलांनीही नाही. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण शाळेत आरोग्य तपासणी झाली की मुली आपापले आकडे घेऊन मोठ्यांच्या तक्त्यात शोधू लागतात. दहा वर्षांच्या मुलीचा बीएमआय १६ हा अगदी साधारण आहे, पण मोठ्यांच्या यादीत ती कुपोषित ठरते. उलट बारा वर्षांच्या मुलीचा २३ हा तिच्या वयाला जास्त आहे, आणि मोठ्यांच्या यादीत तो काठावरचा वाटतो. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे वेगळे आलेख असतात, बालरोगतज्ज्ञांकडे ते मिळतात. मुलांच्या बाबतीत ‘किती किलो कमी करायचे’ हा प्रश्नही बहुधा चुकीचा असतो, कारण त्यांच्या हिशेबात उंची स्थिर नसते. १४५ सेंटीमीटर उंचीच्या, ५० किलो वजनाच्या मुलीचा बीएमआय २३.८. ती वर्षभर खेळली, शीतपेय आणि वेफर्सची पाकिटे सुटली, आणि वजन ५० वरच थांबले. तोवर उंची १५० झाली. आता ५० भागिले २.२५, म्हणजे २२.२. दीड अंक उतरला, आणि कमी केलेले वजन शून्य किलो.